पहिलं गूढ शब्दकोडं: एक सदर बांधतानाच्या नोंदी

४ ऑगस्ट

कोड्यांच्या पानावर एक नवं सदर द्यायचं ठरलं आहे. ज्यांनी आयुष्यात कधी गूढ शब्दकोडं सोडवलेलं नाही त्यांना पहिलं सोडवता यावं, एवढंच त्याचं काम. जागा साडेचारशे शब्दांची, शेजारी एक छोटी चौकट. मुदत तीन आठवडे.

साधं शब्दकोडं आमचे वाचक रोज सोडवतात. तिथे 'जीभ' असा क्लू असतो आणि 'रसना' लिहायचं असतं. गूढ कोड्यात प्रत्येक क्लूचे दोन तुकडे असतात. एक तुकडा साध्या कोड्यासारखा अर्थ सांगतो. दुसरा तुकडा तेच उत्तर अक्षरांच्या करामतीने बांधून दाखवतो. दोन्ही तुकडे एका सरळ वाटणाऱ्या वाक्यात बेमालूम चिकटवलेले असतात, आणि सांधा कुठे आहे ते सोडवणाऱ्याने शोधायचं. हे मला नीट माहीत आहे, त्यामुळे तीन आठवडे भरपूर झाले असं वाटतंय.

६ ऑगस्ट

पहिला खर्डा लिहून झाला आणि वाया गेला. साडेचारशे शब्दांत मी सात प्रकारच्या करामती समजावल्या होत्या. प्रत्येकाला भारदस्त नाव दिलं होतं. 'अक्षरविपर्यास', 'अंतर्वेशन' वगैरे. शेजारच्या मावशींना वाचायला दिला. त्या रोजचं साधं कोडं चहा निवायच्या आत संपवतात. तिसऱ्या परिच्छेदाशी त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, हे व्याकरणाचं पुस्तक आहे की कोडं?"

सगळं पुसलं. शब्द चारच ठेवले: अर्थ, करामत, इशारा आणि माल. अर्थ म्हणजे क्लूचा साधा तुकडा. करामत म्हणजे उरलेला. करामतीच्या तुकड्यात काही शब्द अक्षरं पुरवतात, तो माल. त्या मालाचं काय करायचं ते सांगणारा शब्द म्हणजे इशारा. 'विस्कटलं' म्हटलं की अक्षरांची जागा बदला, 'पोटात' म्हटलं की आत घाला, 'मागे फिरला' म्हटलं की उलटं वाचा. यापलीकडे पहिल्या दिवशी काही लागत नाही.

दोन संध्याकाळी गेल्या. सात प्रकारांचा खर्डा ज्याला करायचा असेल त्याने खुशाल करावा, पण तो दहाव्या सदरासाठी राखून ठेवावा.

७ ऑगस्ट

चौकट किती मोठी? मी सवयीने अकरा बाय अकराची आखायला घेतली. त्यात तिसाच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे तीस क्लू रचायचे आणि नवख्याने तीस वेळा अडायचं. दुपारीच सोडून दिली. सहा शब्द पुरे. चार घरं रुंद, पाच घरं उंच.

९ ऑगस्ट

माझा सर्वांत लाडका क्लू आज मेला. तो असा होता:

नवरा बिथरला की माकड (३)

'बिथरला' हा इशारा, 'नवरा' हा माल, 'माकड' हा अर्थ, उत्तर 'वानर'. मी हा क्लू पाच वर्षं वहीत जपून ठेवला होता. मावशींना दाखवला, उत्तर सांगितलं, आणि हसण्याची वाट पाहत बसले. त्या हसल्या नाहीत. पेन्सिल घेऊन त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला तीन चौकोन काढले, त्यांत न, व, रा लिहिलं. खाली आणखी तीन चौकोन काढून वा, न, र लिहिलं. मग 'रा'वर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, "हा काना तू 'रा'च्या शेजारून उचललास आणि 'व'ला दिलास. घर तर 'रा'चं होतं. घर हलव की, काना कसा हलवतेस?"

मी वाद घातला. न, व, र आणि एक काना, दोन्हीकडे सामान तेवढंच आहे ना? पण बोलता बोलताच कळलं की त्या बरोबर आहेत. इंग्रजी कोड्यात एका घरात एक सुटा वर्ण असतो, म्हणून तिथे काहीही कुठेही हलवता येतं. आपल्या कोड्यात एका घरात पूर्ण अक्षर बसतं, मात्रेसकट. जोडाक्षर असेल तर तेही एकाच घरात. 'पुस्तक' तीन घरांचं: पु, स्त, क. सोडवणाऱ्याचा हात घरं मोजतो, आणि कंसातला आकडाही घरांचाच असतो. मग हलवायचीही घरंच. मात्रा मोकळी सोडली तर 'नवरा' या तीन अक्षरांतून कितीतरी जास्त शक्यता निघतात आणि नवख्याला कुठे थांबायचं तेच कळणार नाही.

नियम ठरला, आणि सदरात ठळक छापायचा: मात्रा अक्षराला चिकटलेली राहते. ज्याला हा नियम मोडायचा असेल त्याने खुशाल मोडावा, फक्त पहिल्या दिवशी वाचकाला तसं सांगावं. मला तो मोडायचा नाही.

१० ऑगस्ट

नव्या नियमात बसणारी जोडी शोधत अख्खा रविवार गेला. मात्रांसकट अक्षरं तीच, शब्द दोन वेगळे. मगर आणि गरम. समान आणि मानस. कमळ आणि कलम अशी एक सापडली म्हणून खूश झाले. मग लक्षात आलं, एकात ळ आहे आणि दुसऱ्यात ल. कमल-कलम चालेल, कमळ-कलम नाही. ल आणि ळ, न आणि ण, ह्रस्व आणि दीर्घ, या तीन ठिकाणी माझी फसगत या पंधरवड्यात सहा वेळा तरी झाली आहे. बोलताना कान माफ करतो, चौकट करत नाही.

संध्याकाळी सापडली ती जोडी: कमाल आणि मालक. क, मा, ल. आणि तिच्यासोबत क्लू आपोआप आला:

कमाल गोंधळ घातला धन्याने (३)

'कमाल गोंधळ' असं आपण रोज म्हणतो. त्यामुळे 'कमाल' हा माल आहे आणि 'गोंधळ' हा इशारा आहे, अशी शंकाही येत नाही. नमुन्याचा क्लू हाच घ्यायचा.

११ ऑगस्ट

कालचा क्लू चुकीचा आहे. रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं. अर्थाचा तुकडा 'धन्याने' असा आहे, आणि 'धन्याने'चा समानार्थी शब्द 'मालक' नव्हे, 'मालकाने'. चार घरं. अर्थ आणि उत्तर एकमेकांच्या जागी वाक्यात बसले पाहिजेत, नाहीतर अर्थ अर्थ राहत नाही.

दुरुस्ती:

कमाल गोंधळ घालणारा धनी (३)

मराठीत क्लू रचणाऱ्याचं खरं डोकं इथे खातं. आपली विभक्ती शब्दाला चिकटते, आणि चिकटताना बऱ्याच शब्दांचा चेहराच बदलून टाकते. 'पाणी' आत घ्यायचं म्हटलं की ते 'पाण्यात' होतं आणि माल म्हणून निकामी होतं. यावर मी दोन वाटा वापरते. एक, माल असा निवडायचा की तो मोकळा, प्रथमेत उभा राहील, जसा 'कमाल' उभा आहे. दुसरी, मालाऐवजी त्याचा समानार्थी शब्द क्लूमध्ये ठेवायचा आणि विभक्ती त्याला लावायची. समानार्थी शब्दाचा चेहरा बदलला तरी बिघडत नाही, कारण त्याची अक्षरं आपल्याला नकोच असतात. हे वापरूनच दुसरा क्लू केला:

महिन्यात नाही असा बेत (३)

'महिना' म्हणजे मास. त्याच्यात 'नाही', म्हणजे न. मा-न-स. अर्थ 'बेत'. 'महिन्यात'मधला 'त' हाच इशारा. एका अक्षराचा इशारा इंग्रजीत कुठून मिळायचा! विभक्तीने जेवढं छळलं त्यातलं थोडं आज परत दिलं.

१३ ऑगस्ट

चौकट जमली. मालक आडवा, त्याच्या 'मा'पासून मानस खाली, 'क'पासून कलिका खाली, मानसचा 'स' धरून सरकार आडवा. तळाशी परवाना. सरकारचा शेवटचा 'र' आणि परवानाचा 'ना' यांच्यामध्ये एक घर रिकामं होतं. तिथे 'रवाना' इतका छान बसला की मी क्लूही लिहून टाकला: 'पहिलं अक्षर गमावलेला परवाना धाडला'. पुरता अर्धा तास मी त्यावर खूश होते. मग दिसलं की ५ आडव्याचं उत्तर मी ४ उभ्याच्या क्लूमध्ये छापते आहे.

'रवाना'च्या जागी 'रसना' घातला. बाकीचे क्लूही झाले. संध्याकाळपर्यंतची यादी अशी:

१ आडवा. कमाल गोंधळ घालणारा धनी (३)
३ आडवा. शिक्षकांमागे मोटार लावणारं शासन (४)
५ आडवा. कालच्या आदल्या दिवशी नकार, आज मिळालं लायसन्स (४)
१ उभा. महिन्यात नाही असा बेत (३)
२ उभा. चौथं युग का न उमललेलं फूल? (३)
४ उभा. सारस नाचताना मध्येच दिसते जीभ (३)

१४ ऑगस्ट

५ आडव्यातलं 'आज मिळालं' काढलं. परवा आणि ना एवढंच लागतं, 'आज'ला काही काम नाही. इंग्लंडमध्ये झिमेनीझ या टोपणनावाने १९३९ पासून ऑब्झर्व्हरमध्ये कोडी रचणाऱ्या मॅकनट यांनी चांगल्या क्लूचं जे माप घालून दिलं, त्याचं सार असं सांगतात: नेमका अर्थ, प्रामाणिक करामत, आणि याखेरीज काहीही नाही. तिसरी अट पाळणं सर्वांत अवघड जातं, कारण वाक्य गोड करायला एखादा शब्द घुसवावासा वाटतो. मुरलेला सोडवणारा त्या शब्दाकडे दुर्लक्ष करेल. नवखा मात्र 'आज'चं काय करायचं म्हणून दहा मिनिटं झटत बसेल, आणि त्याची काहीच चूक नसेल.

१६ ऑगस्ट

पहिली चाचणी. मावशी आणि भाचा, दोघांनाही सदराचा मजकूर आणि चौकट दिली, आणि मी गप्प बसून पाहत राहिले. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे. आपण "अगदी सोप्पं आहे" म्हणालो तरी चाचणी फुकट जाते.

मावशी 'कमाल गोंधळ घालणारा धनी'वर वीस मिनिटं होत्या. कागदावर त्यांनी लिहिलेले शब्द नंतर पाहिले: 'सावकार', 'जमीनदार', 'दंगेखोर'. म्हणजे त्या पूर्ण वाक्याचा अर्थ लावत होत्या, गोंधळ घालणाऱ्या श्रीमंत माणसाला काय म्हणतात ते शोधत होत्या. साध्या कोड्याची सवय अशी आड येते. माझ्या मजकुरात 'क्लूचे दोन भाग असतात' हे वाक्य होतं, त्यांनी ते वाचलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि हाताने तुकडे करणं वेगळं.

भाच्याचं उलटंच झालं. पाऊण तासात त्याने सहाही सोडवले. मी शाबासकी द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात तो म्हणाला, "आत्या, तू सगळीकडे शेवटच्याच शब्दात अर्थ ठेवलायस. तिसऱ्या क्लूपासून मी मागूनच वाचत होतो."

यादी पुन्हा पाहिली. धनी, शासन, लायसन्स, बेत, फूल, जीभ. सहापैकी सहा. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, मराठी वाक्यानेच करवून घेतलं होतं. आपल्याकडे विशेषण आणि 'करणारा, लावणारं' अशी सगळी लटांबरं नामाच्या आधी येतात, म्हणून नाम, म्हणजे अर्थ, आपसूक शेवटी जाऊन पडतं. नवखा सहा क्लूंमधून 'अर्थ शेवटी असतो' हा खोटा नियम शिकून जाईल आणि पुढच्या आठवड्यात आपटेल. खरा नियम असा की अर्थ एका टोकाला असतो. पुढच्या किंवा मागच्या, पण मधोमध कधीच नाही.

दोन क्लू फिरवले:

५ आडवा. लायसन्स? कालच्या आदल्या दिवशी नकार! (४)
४ उभा. जीभ बघा, सारस नाचताना मध्येच दिसते (३)

दुसऱ्यात 'बघा' हा शब्द थोडा लोंबतोय, झिमेनीझला आवडला नसता. राहू दे. नवख्याला तो अडवत नाही.

१८ ऑगस्ट

मावशींच्या वीस मिनिटांवर उपाय सापडला: पेन्सिलीची तिरकी रेघ. वाक्याचा अर्थ लावायच्या आधी क्लूमध्ये एक रेघ मारायची, आणि रेघेची जागा बदलत प्रत्येक वेळी दोन्ही बाजू पाहायच्या. नमुन्याचा क्लू त्या पद्धतीने नव्याने लिहिला. सदरात छापायचा मजकूर इथे जसाच्या तसा ठेवते, कुणाला उपयोगी पडला तर:

> कमाल गोंधळ घालणारा धनी (३)
>
> वाक्य विसरा. त्यात गोंधळ घालणारा माणूस कुणी नाही, फक्त शब्द आहेत. अर्थ एका टोकाला असतो, म्हणून पहिली रेघ पहिल्या शब्दानंतर मारून पाहू.
>
> कमाल / गोंधळ घालणारा धनी
>
> अर्थ 'कमाल' असेल तर तीन घरांत 'शिकस्त' बसेल: शि, क, स्त. पण 'गोंधळ घालणारा धनी' यातून शि, क, स्त कसे निघतात? निघत नाहीत. मनात आलेलं उत्तर दुसऱ्या तुकड्याने सिद्ध झालं नाही तर ते सोडून द्यायचं, कितीही आवडलं तरी. रेघ दुसऱ्या टोकाला नेऊ.
>
> कमाल गोंधळ घालणारा / धनी
>
> आता अर्थ 'धनी'. उरलेल्यात इशारा दिसतो का? 'गोंधळ' म्हणजे काहीतरी अस्ताव्यस्त होतंय. काय? त्याच्या शेजारचा शब्द. 'कमाल'मध्ये किती अक्षरं आहेत? क, मा, ल. तीन. आपल्याला घरंही तीनच हवीत. अक्षरांची जागा बदला, मात्रा मात्र हलवू नका: 'मा' हा 'मा'च राहणार. कलमा, लकमा, मालक. मालक म्हणजे धनी. दोन्ही तुकडे एकाच शब्दावर येऊन थांबले. आता शाईने लिहा.

'कमाल' म्हणजे 'शिकस्त' हा चुकीचा फाटा मी मुद्दाम ठेवला. बरोबर वाटच फक्त दाखवली तर वाचकाला ती जादू वाटते. चुकलेली वाट कशी ओळखायची आणि कधी सोडायची, हे पाहिलं की तीच गोष्ट त्याला स्वतः करता येते.

१९ ऑगस्ट

दुसरी चाचणी, या वेळी ज्यांना कोडी अजिबात आवडत नाहीत अशा एका सहकाऱ्यावर. 'मालक' नमुन्यातच सुटलेला, तो चौकटीत आधीच छापायचा. तिथून तो असा गेला. १ उभा 'मा'ने सुरू होतो. त्याने 'बेत'च्या आधी रेघ मारली, महिना, महिना म्हणत बसला, 'मा'ने सुरू होणारा महिना मास, आत न, मानस. त्याचा 'स' ३ आडव्याला मिळाला. शिक्षकांना 'स'ने काय म्हणतात? सर. त्यांच्या मागे कार. 'शासन'चा अर्थ शिक्षा नसून सरकार आहे हे कळल्यावर तो एकटाच हसला, आणि खरं सांगायचं तर या पंधरवड्यातली माझी मजुरी तेव्हाच वसूल झाली.

२ उभ्याला क, कोरं घर, का. चौथं युग कलि, पुढचा 'का' क्लूमध्ये उघडाच ठेवलेला. ४ उभा 'र'ने सुरू. 'सारस नाचताना' त्याने चार वेळा वाचलं, मग 'सा'वर अंगठा ठेवला आणि उरलेल्यात र-स-ना दिसला. शेवटच्यालाही वेळ लागला, कारण तो 'काल'च्या मागे लागला. 'परवा' दोन्ही बाजूंचा असतो, उद्याच्या पुढचा आणि कालच्या आदला, हे त्याच्या ध्यानात यायला पाच मिनिटं गेली. एकूण पस्तीस मिनिटं. एकदाही विचारलं नाही.

क्रम असा लागला याचं श्रेय थोडं नशिबाला आहे. पण पुढच्या वेळी मी हे आखून करणार: ज्या उत्तराचं पहिलं अक्षर मिळाल्यावर क्लू उलगडतो, त्या उत्तराच्या पहिल्याच घरातून दुसरा शब्द न्यायचा. शेवटचं अक्षर मिळून तेवढी मदत होत नाही. परवानाचा 'ना' आधीच मिळालेला असूनही तो अडला, ते याचमुळे.

२२ ऑगस्ट

पान लागलं. छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी प्रूफ हातात आलं आणि ५ आडवा असा होता:

लायसन्स? परवा नकार! (४)

मुद्रितशोधकांनी सुधारला होता. मी धावत गेले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, 'कालच्या आदल्या दिवशी' असं कोण बोलतं? मराठीत त्याला 'परवा' म्हणतात." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि त्यांनी उत्तराची चारपैकी तीन अक्षरं क्लूमध्ये लिहून टाकली होती. मी उत्तर दाखवलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. आता कोड्याच्या मजकुरावर मी स्वतः लिहून ठेवते: 'वाक्यरचना विचित्र आहे, ती मुद्दाम आहे. बदलण्याआधी विचारा.'

त्याच प्रूफात दुसरी गोष्ट. रकाना अरुंद असल्याने 'सारस' एका ओळीच्या शेवटी आणि 'नाचताना' पुढच्या ओळीवर गेला होता. लपलेला शब्द दोन ओळींत तुटला की नवख्याला तो कधीच दिसणार नाही. पानं लावणाऱ्या दादांना सांगून दोन शब्दांमध्ये न तुटणारी मोकळी जागा घालून घेतली. कंसातला (३) एकदा असाच एकटा खालच्या ओळीवर पडला होता, तोही वर ओढला. हे तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि ती कुणी देत नाही.

अंतिम चौकट, उत्तरांसकट:

```
मा  ल   क   ■
न   ■   लि  ■
स   र   का  र
■   ■   ■   स
प   र   वा  ना
```

२४ ऑगस्ट

छापून आलं. सकाळी मावशींनी भिंतीपलीकडून हाक मारून सांगितलं की 'कलिका' त्यांना रात्रीच सुटला होता, पण झोपमोड नको म्हणून बोलल्या नाहीत.

तक्रारी दोन. एका वाचकाचं म्हणणं, 'मोटार' म्हणजे 'कार' हा इंग्रजी शब्द झाला, मराठी कोड्यात कशाला? मला हे पटत नाही, रोज बोलतो तो शब्द कोड्यात चालला पाहिजे. दुसरी तक्रार रास्त आहे: उत्तरं त्याच पानावर उलटी छापली होती आणि नजर आपसूक तिकडे गेली. पुढच्या वेळी ती पानाच्या दुसऱ्या टोकाला.

२७ ऑगस्ट

एका वाचकाने स्वतः रचलेला क्लू पाठवला आहे. पोस्टकार्डावर, चार चौकोन आखून:

चित्त, टोळीवर घड्याळ बांधतात (४)

कल्पना पक्की आहे, पण माझ्याच दोन चुका त्यांच्याकडेही गेल्या आहेत. 'टोळीवर'मधला 'वर' उगीच चिकटलाय, आडव्या शब्दात कुणी कुणावर नसतं. आणि 'घड्याळ बांधतात' या क्रियापदाच्या जागी उत्तर बसत नाही, ते नाम आहे. दोन्ही ठिकाणी थोडं ओरखडून त्यांना परत पाठवला:

चित्त, टोळी: घड्याळ बांधायची जागा (४)

त्यांचा होकार आला की पुढच्या सदराचा १ आडवा हाच. चौकट त्याच्याभोवती आखायला घेतली आहे. तिसऱ्या घरात 'ग' येतो, तिथून खाली 'गरम' नेता येईल, आणि मग वहीतली मगर एकदाची कामाला लागेल.